कालचा जोडीदार आज ऐकत नाही: आधी बोलावं, काम सोपवावं की वर सांगावं?

आंबा कॅनिंगचा सीझन जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. तोंडावर सीझन आणि आपण पहिल्यांदाच लाइनचे प्रमुख, अशात कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारा माणूस सांगितलेलं ऐकेनासा झाला, तर तीन वाटा असतात: त्याला एकट्यात गाठून बोलणं, कामाचा एक भाग पुरता त्याच्या हाती देणं, किंवा मॅनेजरला सांगून लेखी करणं. देवगडच्या बाजूला एका कारखान्यात मी या तिन्ही वाटांनी गेलोय.

चौथीही आहे, ती म्हणजे त्याचं काम आपणच उरकणं. मी दहा दिवस तेच केलं. भांडण झालं नाही, पण माझी लाइन बघायला कुणी उरलं नाही आणि बाकीच्या पोरांना कळलं की नुसतं गप्प बसलं तरी चालतं.

आमचा तिढा सीमरवर होता. सीमर म्हणजे भरलेल्या डब्यावर झाकण बसवून दुहेरी घडी मारणारं मशीन. दर अर्ध्या तासाला डबा काढून घडी डोळ्यांनी आणि मायक्रोमीटरने बघायची, दर चार तासांनी एक डबा कापून आतले हुक एकमेकांत किती गुंतलेत ते मोजायचं, अशी आमच्याकडची रीत. दादा (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) तपासणीला टाळाटाळ करायचा. "मशीनचो आवाजच माका सांगता," हे त्याचं म्हणणं. आणि मी सांगायला गेलो की सगळ्यांसमोर, "आता तू सायब झालंस, माका कित्याक इचारतंस?" मला सीमर शिकवला होता तो यानेच, त्यामुळे माझं तोंड तिथेच बंद व्हायचं.

रजिस्टर मात्र भरलेलं असायचं. सकाळपासूनच्या आठ नोंदी, एकच पेन, एकाच दमात लिहिलेलं अक्षर आणि आठही वेळा तोच आकडा. मायक्रोमीटर खरंच लावला तर आकडा थोडा तरी हलतोच. उघड नकारापेक्षा हे वाईट, कारण कागदावर सगळं ठीक दिसतं.

एकट्यात बोलणं आणि काम सोपवणं यांत गोंधळ होतो, कारण दोन्ही गोड वाटतात. पण दुखणं कोणतं ते आधी बघा. माणूस चारचौघांत टोमणे मारतो आणि एकटा असला की बरा वागतो, तर दुखणं मानाचं आहे. तिथे बोलणं लागू पडतं. बोलायचं शिफ्टच्या आधी, लाइनपासून लांब, आणि एकाच गोष्टीवर. "तू ऐकत नाहीस" असं म्हटलं की जुनी सगळी उणीदुणी निघतात. मी हिशेब घेऊन गेलो. लाइन मिनिटाला ४० डबे काढते. घडी बिघडलेली सापडली तर शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचे सगळे डबे बाजूला ठेवावे लागतात. अर्ध्या तासाचे १,२००, दोन तास बघितलंच नाही तर ४,८००. ८५० ग्रॅमच्या डब्यांत चार टनांवर पल्प. मग म्हटलं, "दादा, मशीन कसं लावायचं ते तू ठरव, त्यात मी पडत नाय. पण अर्ध्या तासाची नोंद सुटता नये." तो लगेच मानला नाही. चहा अर्धा टाकून उठला.

सोपवणं त्यानंतर. आधीच सोपवलं असतं तर अडून बसल्याचं बक्षीस मिळालं, असं बाकीच्यांना दिसलं असतं. चार शिफ्ट नोंदी खऱ्या वेळेला पडल्या, मग मॅनेजरला विचारून सीमर आणि तिथली दोन हंगामी पोरं दादाच्या हाती दिली. मॅनेजरला न विचारता असा अधिकार वाटू नये. उद्या त्यांनी काढून घेतला तर तोंडघशी आपण पडतो. ज्याला कामच नको आहे, त्याच्यासाठी ही वाट नाहीच.

वर सांगण्याबद्दल थोडंच. भर मे महिन्यात सीमरवाला रुसून घरी बसला तर बदली माणूस मिळत नाही, म्हणून सगळे कचरतात. तरी बोलायला जाण्याआधी मॅनेजरच्या कानावर घालून ठेवलेलं बरं, तक्रार म्हणून नव्हे. आणि बोलून झाल्यावरही खोटी नोंद सापडली, तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून वर द्यायचं. गळक्या घडीचा डबा काही दिवसांनी गोदामात फुगतो, तेव्हा रजिस्टरवर सही आपली असते.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात दादानेच लाइन थांबवली. मायक्रोमीटरवर घडी बिघडलेली दिसली होती. शेवटची चांगली नोंद २५ मिनिटांपूर्वीची. हजारभर डबे बाजूला निघाले. मी धावत गेलो तर म्हणाला, "आवाज बरोबरच होतो रे." आणि रोलर बघायला खाली वाकला.