पॉलिसीवरचं नाव आणि जन्मतारीख दुरुस्तीचं पत्र: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आईच्या एंडोमेंट पॉलिसीवर नाव SUSHILLA आणि जन्मतारीख १ जून १९७१ छापून आली होती. पॅन, आधार, शाळा सोडल्याचा दाखला तिन्हीवर SUSHILA आणि २१ नोव्हेंबर १९७०. १ जून कुठून आली ते आपल्याकडे सांगायला नको, निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, एजंटने विचारलंच नसणार. पत्र देऊन आता काही महिने झालेत, मधे एक हप्ताही भरून झालाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात कामाला आली ती एकच गोष्ट, नावाचं पत्र वेगळं आणि तारखेचं वेगळं. नाव म्हणजे नुसती स्पेलिंगची दुरुस्ती, ती शाखेतच पटकन होते. तारीख बदलली की वय बदलतं, वय बदललं की प्रीमियम परत तपासतात, आणि दोन्ही एकाच पत्रात घातलं असतं तर तारखेच्या नादात नावही अडकून बसलं असतं. पत्रात पॉलिसी नंबर, मग ‘पॉलिसीवर असलेलं’ आणि ‘हवं असलेलं’ असे दोन रकाने, नाव पॅनवर आहे अगदी तसंच कॅपिटलमधे, सोबत सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स, सही आईचीच (पॉलिसी तिची, माझी सही चालत नाही). दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घेतली.

आता प्रीमियमचं. पॉलिसी मार्च २०१९ ची. जुन्या तारखेने तेव्हा पूर्ण झालेलं वय ४७ येतं, खऱ्या तारखेने ४८, म्हणजे फरक आणि त्यावर व्याज भरा असं म्हणतील असं वाटलं होतं. पण आमच्या प्लॅनमधे जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, आणि तसं मोजलं तर दोन्ही तारखांनी ४८ च येतं! एक रुपया लागला नाही. तुमच्या प्लॅनमधे वय कसं धरतात ते बॉण्डवर आधी बघा.

वैतागवाणं म्हणजे ॲपमधे नाव बदललेलं दिसलं तेव्हा काम झालं असं काउंटरवाले म्हणाले, पण बॉण्डला लावायचं एंडोर्समेंटचं पत्र आलंच नव्हतं. ते लेखी मागून घेतलं. क्लेमच्या वेळी कोण ॲपचा स्क्रीनशॉट बघत बसणार.

आणि कोणी म्हणालं की पॉलिसीला तीन वर्षं झाली, आता चुकीच्या माहितीवरून कंपनी काही करू शकत नाही, तर वयाला ते लागू नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ मधेच आहे की वयाचा पुरावा कंपनी कधीही मागू शकते आणि वय चुकीचं निघालं तर अटी त्याप्रमाणे बदलू शकते.

लग्नानंतर अख्खं नाव बदललंय त्यांना हे पत्र पुरणार नाही, मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट मागतात.