चहाचा डाग तसाच होता, तरी मी ८,७०० रुपये दिले

अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊ नयेत हे मलाही कळतं. तरीही दिले. का दिले ते सांगते, म्हणजे निदान दुसऱ्या कुणाचे जाणार नाहीत.

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर मी मुलांसाठी अभ्यासिका काढते आहे. नकाशा वडिलांच्या वेळचा, स्कॅन करून ठेवलेला. माहितीपत्रकात छापण्यासाठी त्यात फक्त दोन बदल हवे होते. ‘कोठी’ पुसून ‘कार्यालय’ लिहायचं आणि त्या खोलीचं दार २ फूट डावीकडे न्यायचं. बस.

ऑनलाइन जाहिरातीतला तो माणूस म्हणाला, “मॅडम, ही इमेज आहे, यात बदल होत नाही. पूर्ण नकाशा नव्याने आखावा लागेल.” ६,५०० रुपये सांगितले, त्यातले ३,२५० आगाऊ घेतले. दोन दिवसांनी ‘भिंतींची जाडी जुळवायला’ म्हणून आणखी २,२००. मी शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं. इमेजमध्ये बदल होत नाही असं कुणी ठामपणे सांगितलं, तर खोटं कसं ठरवणार होते?

पण पुढचं मला दिसायला हवं होतं. त्याने व्हॉट्सॲपवर ‘नवा आखलेला’ नकाशा पाठवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वडिलांच्या कपाचा गोल तपकिरी डाग होता. मूळ कागदावर जिथे होता तिथेच. नव्याने रेषा मारणारा माणूस चहाचा डाग कशाला रेखाटेल? मी तो डाग पाहिला. पाहून स्वतःची समजूत घातली, की जुना कागद खाली ठेवून वर आखलं असेल, डाग नंतर जाईल. आणि उरलेले ३,२५० पाठवले. एकूण ८,७००. त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद आहे.

भाची सिव्हिलचा डिप्लोमा करते. तिने चित्र मोठं करून दाखवलं. ‘कोठी’वर पांढराशुभ्र चौकोन चिकटवला होता, आजूबाजूचा कागद मात्र पिवळट. दार कुठे उघडतं ते दाखवणारी वक्र रेष, म्हणजे दाराचा चाप, उचलून सलग भिंतीवर ठेवलेला, आणि जुन्या जागची भिंतीतली फट तशीच उघडी. म्हणजे एकीकडे फट आहे पण दार नाही, दुसरीकडे दार आहे पण फट नाही.

मग तिने ते काम माझ्यासमोर गिम्प या फुकट प्रोग्रॅममध्ये केलं. २५ मिनिटं लागली. मूळ फाइलची प्रत काढली. कागदाचा रंग शेजारूनच उचलून ‘कोठी’ झाकलं आणि नवं नाव वेगळ्या थरावर, बाजूच्या खोल्यांच्या अक्षरांएवढ्या उंचीचं लिहिलं. वेगळा थर यासाठी, की उद्या नाव पुन्हा बदललं तर खालचं चित्र जसंच्या तसं राहतं.

दाराआधी तिने माप काढलं. नकाशावर १२ फुटांची म्हणून लिहिलेली भिंत ४३२ पिक्सेल भरली, म्हणजे फुटाला ३६ आणि २ फुटांना ७२. दार म्हणजे नुसता चाप नव्हे. भिंतीतली फट, पल्ल्याची रेष आणि चाप हे तिन्ही एकत्र निवडून तिने नव्या थरावर चिकटवलं आणि भिंतीच्या रेषेवरून ७२ पिक्सेल डावीकडे सरकवलं. जुनी फट शेजारच्या सलग भिंतीचा तुकडा ठेवून बुजवली, उरलेला चाप कागदाच्या रंगाने झाकला. फटीची रुंदी आणि पल्ल्याची लांबी सारखी आहे ना, एवढं पाहिलं. शेवटी पीएनजी केलं, कारण जेपीजी पुन्हा पुन्हा साठवलं की रेषांभोवती धुरकट ठिपके येतात.

हे चित्र फक्त दाखवण्यापुरतं, हेही तिने बजावलं. खरी भिंत फोडायची तर आधी इंजिनिअरला विचारायचं. चित्रात दार सरकवल्याने मंजूर नकाशा बदलत नाही.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. “काम मिळालं ना? मग फसवणूक कसली?” मी दोन्ही चित्रं दाखवली, तर साहेब म्हणाले, “आम्हाला नकाशातलं काय कळतं?” मग कशातलं कळतं? बँकेत गेले तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक मिळाला, त्यापुढे ‘प्रक्रियेत’ असं ४१ दिवस लिहिलेलं आहे. रक्कम लहान आहे, असं तिघांनीही ऐकवलं. माझ्या निवृत्तिवेतनातून गेली आहे ती.

‘पूर्ण नव्याने आखावं लागेल’ म्हणणाऱ्याला थर असलेली मूळ फाइल आधी मागा. नुसतं जेपीजी आलं तर उरलेले पैसे देऊ नका. आणि आपल्या कागदावरचा एखादा डाग, घडी, शाईचा ठिपका लक्षात ठेवा. ‘नव्या’ नकाशात तो दिसला, तर तिथेच थांबा.

सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जाते आहे. दोन्ही नकाशे मोठे छापून घेतले आहेत, आणि दोन्हींवर त्या डागाभोवती लाल पेनने गोल केला आहे.