चिकटवलेल्या माणसावर ग्रेन: वेगळ्या लेयरने, Camera Raw ने, की अख्ख्या चित्रावर?

कटआउट स्वच्छ आहे, प्रकाशाची दिशा जुळली, रंगही बसले, तरी माणूस वरून ठेवल्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा मागचं चित्र रवाळ असतं आणि माणूस गुळगुळीत. फोटोशॉपमध्ये यावर तीन मार्ग आहेत. ते एकाच उदाहरणावर तपासू.

पार्श्वभूमी संध्याकाळच्या रस्त्याची, आयएसओ ३२००. माणूस स्टुडिओत आयएसओ १०० वर टिपलेला आणि बसवताना ४० टक्क्यांवर आणलेला. लहान करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. त्यामुळे होता नव्हता तो नॉईज जातो आणि कडा उलट जास्त टोकदार होतात.

मार्ग कुठलाही घ्या, क्रम एकच: आधी आकार, मग शार्पनेस, शेवटी ग्रेन. ग्रेन घालून मग ब्लर केलात, तर ब्लर तो पुसून टाकतो. शार्पनेस जुळवायचा तो माणसाचे पाय जिथे टेकलेत तेवढ्याच अंतरावरच्या वस्तूशी, चित्रातल्या सगळ्यात स्पष्ट वस्तूशी नव्हे. इथे त्याच्या शेजारी दिव्याचा खांब आहे. झूम करून मोजलं तर खांबाची कड गडद ते उजळ जायला चार पिक्सेल घेते, माणसाची कॉलर दोनच. Gaussian Blur ०.८ पासून सुरू करा आणि पुन्हा मोजा. मात्र लेयर मास्क लावलेला असेल, तर हा फिल्टर फक्त चित्राला लागतो, मास्कला नाही. मग आतला माणूस मऊ आणि बाहेरची कड सुरीसारखी, असा विचित्र प्रकार होतो. मास्कलाही तेवढाच ब्लर द्या.

आता ग्रेन. पहिला मार्ग: माणसाच्या वर ५० टक्के ग्रे भरलेला लेयर, त्याला क्लिप केलेला, आणि त्यावर Add Noise. बरेच जण इथे ब्लेंड मोड Overlay ठेवतात. फिल्मच्या ग्रेनसाठी ते चालून जातं, कारण तो मधल्या छटांत जास्त दिसतो. डिजिटल नॉईज मात्र सावल्यांत उठून दिसतो, आणि Overlay मध्ये नेमका तिथेच परिणाम विरतो. काळा कोट, काळे केस कोरेच राहतात. त्याऐवजी Linear Light ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवा, सगळ्या छटांत सारखा नॉईज पडतो. Add Noise चा दाणा एका पिक्सेलचा असतो, कॅमेऱ्याचा थोडा पसरट. म्हणून त्या ग्रे लेयरला ०.५ च्या आसपास ब्लर लागतो, आणि त्याने नॉईजची ताकद बरीच घटते, तेव्हा प्रमाण वाढवावं लागतं. किती, ते डोळ्यांवर सोडू नका. पार्श्वभूमीतला सपाट भिंतीचा तुकडा निवडा आणि Histogram पॅनेलमध्ये Std Dev, म्हणजे पिक्सेलांची उजळता किती विखुरली आहे तो आकडा, बघा. समजा, ६ आला. मग माणसाच्या शर्टाचा तितकाच उजळ, सुरकुती नसलेला तुकडा निवडून तोच आकडा येईपर्यंत प्रमाण हलवा. पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसला तर आधी त्यावर क्लिक करा, नाहीतर जुना अंदाजी आकडा वाचाल. Std Dev दाण्याचा आकार सांगत नाही, तो १००% झूमवरच बघावा लागतो.

दुसरा मार्ग Camera Raw Filter मधला Grain. माणूस आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे नंतर बदलता येतं. Amount, Size आणि Roughness एवढ्या तीन स्लायडरांत दाण्याचा आकारही हाताशी येतो. पार्श्वभूमी स्कॅन केलेली फिल्म असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन. पण त्यात रंगीत ठिपके येत नाहीत, आणि आयएसओ ३२०० च्या सावल्यांत तेच दिसतात. आपल्या उदाहरणात म्हणून पहिला मार्ग जिंकतो. ठिपके रंगीत असतील तर Add Noise मधलं Monochromatic बंद ठेवा आणि निळं चॅनेल वेगळं उघडून ताडून पाहा. नॉईज सहसा तिथेच जास्त असतो.

तिसरा मार्ग: दोन्हींचा नॉईज कमी करून अख्ख्या चित्रावर एकच ग्रेन. माणूसच पार्श्वभूमीपेक्षा जास्त रवाळ असेल, किंवा चार-पाच ठिकाणांहून तुकडे आणले असतील, तर हाच सोपा. किंमत अशी की पार्श्वभूमीचं बारीक टेक्श्चर थोडं मरतं. आणि नॉईज नीट न काढता वरून ग्रेन टाकला, तर मूळचा फरक खालून डोकावतोच.

पार्श्वभूमीला तुम्ही स्वतः ब्लर दिला असेल, तर तिथलाही ग्रेन गेलेला असतो. लेन्समुळे धूसर झालेल्या भागात ग्रेन पूर्ण असतो, कारण तो सेन्सरवर किंवा फिल्मवर तयार होतो, फोकसशी त्याचा संबंध नाही. अशा वेळी ग्रेन माणसाबरोबर तिथेही परत घालावा लागेल.

चित्र फक्त स्क्रीनवर, १०८० पिक्सेलपर्यंत लहान करून जाणार असेल, तर Std Dev जुळवत बसू नका, लहान करताना बहुतेक ग्रेन जाणारच आहे. अंतिम आकारात आणून मग हलका ग्रेन एकदाच सगळीकडे टाका. कडेचा शार्पनेस मात्र तेव्हाही जुळवा, तो फरक लहान चित्रातही दिसतो.