टॉवेलच्या दुकानासाठी लोगो करून घेतला, त्याला नऊ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात आमचं टॉवेल आणि नॅपकिनचं छोटं घाऊक दुकान आहे. माल बाहेरच्या यंत्रमागावर विणून घेतो. शिलाई आणि पॅकिंग घरी होतं, आणि हल्ली लॉजवाले व पार्लरवाले त्यांच्या ऑर्डरवर आमचं नाव भरतकामात मागतात. नाव आजीचं आहे आणि त्यात एक 'द्ध' आहे. हे आधीच सांगतेय, कारण पुढची बरीच गोष्ट या एका जोडाक्षराभोवती फिरते.

आधीचा लोगो फ्लेक्सवाल्याकडून पाचशे रुपयांत करून घेतला होता. कमळ, मागे पिवळ्याकडून केशरीकडे जाणारा रंग आणि खाली नाव. त्याची एकच जेपीजी फाइल आमच्याकडे होती, तीही व्हॉट्सॲपवरून आलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीवर छापायला दिली तेव्हा स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांनी हात जोडले. ते एका रंगात छापतात, आणि हळूहळू फिकट होत जाणारा रंग एका शाईत सपाट उतरत नाही. शिवाय फोटोसारखी फाइल मोठी केली की कडा फुटतात. म्हणून या वेळी गावातल्याच एका फ्रीलान्स डिझायनर ताईंकडे गेलो.

त्यांनी कामाआधी नऊ प्रश्नांचा कागद दिला. गिऱ्हाईक कोण, स्पर्धेत कोण, कोणते रंग नकोत, हे अपेक्षित होतं. दोन प्रश्न मात्र वेगळे होते. पहिला, 'हा लोगो सगळ्यात लहान कुठे दिसणार आणि तिथे कोण छापणार?' दुसरा, 'शेवटचा हो कोण म्हणणार? एकच नाव लिहा.'

पहिल्याला मी 'बिलबुकावर, दीड इंच' असं उत्तर दिलं. भरतकाम डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याला बाबांचं नाव लिहिलं, पण माझ्या काकांना विचारल्याशिवाय आमच्या घरात काही ठरत नाही, हे लिहिलं नाही. नंतरचे दोन्ही त्रास या दोन उत्तरांतून आले. त्यात ताईंची चूक नव्हती.

दहा दिवसांनी तीन कल्पना आल्या, तिन्ही फक्त काळ्या-पांढऱ्या. बाबा म्हणाले, 'रंग कुठाय?' ताईंचं म्हणणं असं की रंग दाखवला की माणूस आकार बघतच नाही, आणि पिशवीवर शेवटी एकच रंग येणार आहे. हे मला पटलं. एका कल्पनेत मागाचा धोटा होता. कागदावर देखणा, पण त्यांनी तो नखाएवढा करून दाखवला तेव्हा बाबांनाच तो मासा वाटला. दुसरीत कमळ थोडं आवरून घेतलं होतं. तिसरीत चित्रच नव्हतं. फक्त नाव, आणि त्याची शिरोरेषा दोन समांतर पट्ट्यांची, टॉवेलच्या टोकाला असते तशी बॉर्डर. सोलापूरचा माणूस ती बघताक्षणी ओळखतो. आम्ही तीच घेतली.

ठरलेल्या नऊ हजारांत तीन कल्पना आणि निवडलेल्या कल्पनेवर सुधारणेच्या दोन फेऱ्या होत्या. त्यापुढच्या प्रत्येक फेरीला आठशे. निम्मे पैसे आधी. पहिल्या फेरीत अक्षर जाड झालं, दुसरीत रंग ठरला, विटकरी. मग काका गावाहून आले आणि त्यांना कमळ परत हवं झालं. ती तिसरी फेरी आम्ही पैसे देऊन केली आणि शेवटी कमळाशिवायचाच लोगो ठेवला. आठशे रुपयांपेक्षा गेलेले बारा दिवस जास्त महाग पडले, कारण तोवर पिशव्यांची छपाई थांबली होती. कल्पना निवडायच्या दिवशीच घरातले सगळे समोर बसले असते तर हे टळलं असतं.

खरी किंमत मला फाइल्स मिळाल्या तेव्हा कळली. एका फोल्डरमध्ये पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या दोन फाइल्स होत्या. त्यातली एक मुद्दाम जुन्या व्हर्जनमध्ये, कारण गावातल्या बऱ्याच प्रेसमध्ये जुनं कोरल चालतं आणि त्यात नवी फाइल उघडत नाही. सगळं अक्षर कर्व्ह करून दिलं होतं. कोरलमध्ये हे `Ctrl+Q` ने होतं. कर्व्ह केलं नाही आणि प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर दुसराच फॉन्ट बसतो आणि मराठी नावाच्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सुटी होतात. कर्व्ह केलं की अक्षर चित्र बनतं, ते कुठेही उघडा तसंच राहतं. नऊ महिन्यांत तीन वेगवेगळ्या छपाईवाल्यांकडे गेलो, एकदाही नाव तुटलं नाही.

याशिवाय एका रंगाची काळी आणि गडद टॉवेलसाठी पांढरी अशी वेगळी आवृत्ती होती. पांढऱ्या आवृत्तीत अक्षर किंचित बारीक होतं. गडद रंगावर पांढरं अक्षर जाड भासतं, म्हणून तसं केलं असं ताई म्हणाल्या.

आता अडचणीचं. चौथ्या महिन्यात एका लॉजची दोनशे टॉवेलची ऑर्डर आली, कोपऱ्यात नाव भरायचं. भरतकामवाल्याने मशीनसाठी वेगळी फाइल बनवायचे सहाशे घेतले. ते लोगोच्या किमतीत नव्हतेच, आणि असं वेगळंच घेतात हे मला तेव्हा कळलं. नमुना आला तर 'द्ध' च्या आतली पोकळी दोऱ्याने पूर्ण भरलेली, ठिपक्यासारखी. अक्षराची उंची आठ मिलिमीटर होती. दोऱ्याला जाडी असते, कागदावरची बारीक जागा त्यात बुजते. शिवाय टॉवेलच्या कापडावरच्या दोऱ्याच्या लूप टाक्यांतून वर येत होत्या.

ताईंनी हजार रुपये घेऊन भरतकामासाठी वेगळी आवृत्ती केली. 'द्ध' मोकळा केला, शिरोरेषेच्या दोन पट्ट्यांतली फट वाढवली आणि नाव बारा मिलिमीटरच्या खाली वापरू नका असं लिहून दिलं. भरतकामवाल्यानेही दोन गोष्टी बदलल्या. वर पाण्यात विरघळणारी फिल्म घातली आणि जागा सरकवून टॉवेलच्या लूप नसलेल्या सपाट बॉर्डरवर आणली. दुसरा नमुना स्वच्छ आला. मी प्रश्नपत्रिकेत 'भरतकाम' एवढा एक शब्द लिहिला असता, तर ही आवृत्ती पहिल्या नऊ हजारांतच बसली असती.

एक उणीव मात्र मी त्यांच्या कामाची मानते. रंगाचे आकडे त्यांनी छपाईसाठी आणि मोबाइल-कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी दिले, दोऱ्यासाठी काहीच दिलं नाही. दोऱ्याचा रंग शेड कार्डवरच्या नंबराने ठरतो, शाईच्या आकड्यांनी नाही. त्यामुळे दोन ऑर्डरींत आमची विटकरी वेगवेगळी आली, एकदा तर जवळजवळ तपकिरी. टॉवेलच्या धंद्यासाठी लोगो करणाऱ्याने दिवसाच्या उजेडात शेड कार्ड समोर धरून नंबर लिहून द्यायला हवा होता.

हक्काचंही सांगते. आपल्याकडच्या कायद्यात फ्रीलान्सरने केलेल्या कामाचा कॉपीराइट साधारणपणे त्याचाच राहतो, तो लेखी सही करून दिला तरच आपल्याकडे येतो. आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांचाच धरला जातो. ताईंच्या बिलासोबत एका पानाचं हस्तांतरण होतं, पण मुदत नव्हती. मी ती 'कायमची' अशी लिहून घेतली. ट्रेडमार्कचा अर्ज मी वर्ग २४ मध्ये केला, टॉवेल त्यात येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार आहे.

ताईंना दिलेले पैसे असे: लोगोचे नऊ हजार, जास्तीच्या फेरीचे आठशे, भरतकामाच्या आवृत्तीचे हजार. फाइल्स आणि एक रंगाची आवृत्ती मिळाली म्हणून मला हे वाजवी वाटतं. फक्त फ्लेक्स आणि बिलबुक लागत असेल, तर कमी पैशात दोन कल्पना आणि कर्व्ह केलेली पीडीएफ पुरेल. गेल्या आठवड्यात मी शेड कार्ड घेऊन ताईंकडे बसले होते. विटकरीचा नंबर ठरला, आणि तो आता फोल्डरमधल्या पहिल्याच पानावर लिहिला आहे.