मशीन परत केलं, फोनवर कार्ड घेतेय: सात महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. कार्डवाली गिऱ्हाईकं दिवसाला चार-पाच, बाकी सगळी क्यूआरवर. तेवढ्यासाठी मशीनचं महिन्याला ४०० रुपये भाडं जिवावर यायचं. म्हणून मशीन परत केलं आणि दुकानातल्या अँड्रॉइड फोनवर टॅपचं ॲप घेतलं. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरलेलं कार्ड वाचायची सोय होती, केवायसी दोन दिवसांत झालं. रक्कम टाकायची, गिऱ्हाइकाने कार्ड फोनच्या पाठीला लावायचं, झालं.

पहिले तीन आठवडे मात्र मी वैतागले. दहातली चार कार्डं लागायचीच नाहीत. एक ताई १,८५० रुपयांचा फ्रॉक घेऊन उभ्या आणि मी कार्ड खाली-वर फिरवतेय. शेवटी त्यांनी रोख दिले. कस्टमर केअरने तीनदा ‘ॲप काढून परत टाका’ एवढंच सांगितलं. माझं भांडण झालं. चौथ्या फोनवर एका मुलाने विचारलं, ‘‘मॅडम, कव्हर कसलं आहे?’’

गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी कव्हरच्या आत लोखंडी पट्टी होती, नेमकी एनएफसीच्या अँटेनावर! ती काढली आणि त्या दिवशी एकही कार्ड अडलं नाही. ॲपला दिलेला एक तारा मी तेव्हाच बदलला.

अँटेना प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी असते. आपलं कार्ड पाठीवरून हळूहळू सरकवा, जिथे चटकन लागेल ती जागा धरा. माझ्या फोनची कॅमेऱ्याच्या खाली आहे, तिथे मी लाल टिकली लावलीय. गिऱ्हाइकाला म्हणते, ‘‘टिकलीवर टेकवा आणि आवाज येईपर्यंत हलवू नका.’’ चार सेंटीमीटरच्या पलीकडे काही पोचत नाही, कार्ड नुसतं ओवाळून उपयोग नाही.

आवाजच आला नाही तर जागा चुकली, किंवा कार्डावर वाय-फायसारखी आडवी खूण नाही, म्हणजे ते टॅपचं नाहीच. आवाज येऊन मग नकार आला तर बऱ्याचदा कार्डाचं टॅप बंद असतं. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच येतं, गिऱ्हाइकाला बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागतं. हे मिनिटाचं काम आहे, पण रांग लागली असताना ते मिनिट फार मोठं वाटतं.

५,००० च्या वरच्या बिलाला पिन लागतो, आणि तो माझ्याच फोनच्या काचेवर टाकायचा. मी फोन त्यांच्या हातात देऊन पाठ फिरवते. तरी एका आजोबांनी साफ सांगितलं, ‘‘दुसऱ्याच्या मोबाईलवर मी पिन टाकणार नाही.’’ ६,२०० चं बिल होतं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही; मशीनवर त्यांनी बिनधास्त टाकला असता.

भाड्याचे सात महिन्यांत २,८०० वाचले. दिवाळीत बिलं मोठी होतात, तेव्हा महिनाभरापुरतं मशीन मिळेल का, बँकेत विचारून ठेवलंय.