जतन केलेल्या कार्डाचे टोकन दुकानातून रद्द करावे की बँकेतून?

1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातील ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. ग्राहकाने ओटीपी देऊन संमती दिल्यावर त्या कार्डासाठी आणि त्या दुकानापुरता एक पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, तयार होते. एकच कार्ड पाच दुकानांत जतन केले, तर टोकनेही पाच होतात. शेवटचे चार अंक पडद्यावर दिसतात, तेवढे ठेवण्याची मुभा दुकानाला आहे.

दुकानाच्या ॲपमध्ये जतन केलेल्या कार्डांच्या यादीतून कार्ड काढणे सोपे, पण त्यासाठी ते खाते उघडता आले पाहिजे. जुना मोबाइल क्रमांक बंद झाला असेल, तर तिथेच अडते. नुसते ॲप काढून टाकल्याने टोकन रद्द होते, हा गैरसमज बराच आढळतो; तसे होत नाही.

बँकेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये कार्ड कोणकोणत्या दुकानांशी जोडलेले आहे याची यादी मिळते आणि तिथूनच जोडणी तोडता येते. विस्मरणात गेलेली दुकाने शोधायची असतील, तर मी हाच मार्ग निवडतो; मात्र प्रत्येक कार्डासाठी त्या त्या बँकेकडे जावे लागते.