ट्रान्समिशन गेट की नँड? दोन-इनपुट मल्टिप्लेक्सर आणि एक्सऑर यांचा तुलनात्मक आढावा

पुस्तकात ही तुलना ट्रान्झिस्टर मोजून संपवतात. Y = S·A + S'·B हा मल्टिप्लेक्सर नँड गेटांनी केला तर तीन नँडचे 12 आणि S उलटवणाऱ्या इन्व्हर्टरचे 2, असे 14 ट्रान्झिस्टर लागतात. ट्रान्समिशन गेटने केला तर दोन गेटांचे 4 आणि इन्व्हर्टरचे 2, म्हणजे फक्त 6. पण या दोन आकड्यांची तुलना बरोबरीची नाही. 14 वाला मल्टिप्लेक्सर आउटपुट स्वतःच्या सप्लायवरून चालवतो. 6 वाला फक्त एक वाट उघडतो आणि आउटपुटला लागणारा सगळा करंट A किंवा B चालवणाऱ्या सर्किटकडून घेतो.

हे ब्रेडबोर्डवर पाहता येते. नँडचा मल्टिप्लेक्सर एका CD4011 मध्ये बसतो. चौथा नँड इन्व्हर्टर म्हणून वापरायचा. ट्रान्समिशन गेटचा मल्टिप्लेक्सर एका CD4007 मध्ये बसतो आणि त्याच्या चौदाही पिना वापरात येतात:

```
VDD : 14       VSS : 7
S   : 6, 10
S'  : 3, 8, 13
A   : 2, 9
B   : 4, 11
Y   : 1, 5, 12
```

एका ओळीतल्या पिना एकमेकींना जोडायच्या. CD4007 मधल्या प्रत्येक जोडीचे गेट एकत्र असते, पण ट्रान्समिशन गेटच्या पीमॉस आणि एनमॉसला उलटे सिग्नल हवे असतात. म्हणून एका जोडीचा पीमॉस दुसऱ्या जोडीच्या एनमॉसबरोबर घेतला आहे. पीमॉसची एखादी तार सुटली तर सर्किट चालल्यासारखे दिसते, पण Y चा 1 हा 5 व्होल्टच्या सप्लायपेक्षा दीड-दोन व्होल्टनी खाली राहतो, कारण एकटा एनमॉस पूर्ण 1 पुढे नेऊ शकत नाही. एनमॉसची तार सुटली तर Y चा 0 तसाच उचललेला दिसतो. म्हणून नुसता एलईडी लावून तपासू नका, व्होल्टेज मोजा.

आता S = 1 ठेवून A ला 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून 5 व्होल्ट द्या आणि Y पासून ग्राउंडला दुसरा 10 किलोओहम लावा. CD4007 मध्ये Y अडीच व्होल्टच्या आसपास येईल आणि A ची पिनही तेवढीच खाली येईल. म्हणजे आउटपुटवरचा भार थेट इनपुटवर पोचला. CD4011 मध्ये A पूर्ण 5 व्होल्टवर राहते आणि Y ही जेमतेम काही दशांश व्होल्टने घसरतो.

हा दोष घालवायचा तर दोन्ही इनपुटांना आणि आउटपुटला इन्व्हर्टर लावावे लागतात. 6 चे 12 होतात, आणि 14 च्या तुलनेत बचत उरते दोनाची. एकुलता एक मल्टिप्लेक्सर हवा असेल तर एवढ्यासाठी पद्धत बदलू नये.

नँडचाही एक दोष आहे. A = B = 1 असताना S 1 वरून 0 वर गेला की S' ला 1 व्हायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात दोन्ही वाटा बंद राहतात आणि Y वर 0 चा काटा उमटतो. ट्रान्समिशन गेटमध्ये त्याच क्षणी S आणि S' दोन्ही 0 असल्याने दोन्ही पीमॉस चालू राहतात, म्हणून Y टिकतो. पण A आणि B वेगळे असतील तर तेच दोन पीमॉस दोन्ही इनपुट क्षणभर एकमेकांना जोडतात आणि करंट उसळतो.

एक्सऑरचा हिशेबही असाच आहे. चार नँडचा एक्सऑर 16 ट्रान्झिस्टर घेतो, एकाच टप्प्याचा पूरक सीमॉस एक्सऑर दोन इन्व्हर्टरांसह 12, आणि ट्रान्समिशन गेटचा 8. शेवटच्यात S च्या जागी A येतो आणि इनपुटांना B' व B मिळतात. वरच्याच जोडणीत पिन 2 आणि 9 ला B' द्या, 4 आणि 11 ला B. B' साठी इन्व्हर्टर मात्र दुसऱ्या चिपमधून घ्यावा लागेल. आउटपुट सावरायला इन्व्हर्टर लावला तर B आणि B' ची अदलाबदल करा. 10 मध्ये काम होते. तरीही B वर भार येतोच. तो तोडायला आणखी एक इन्व्हर्टर लागला की 12 होतात, म्हणजे पूरक एक्सऑरएवढेच. B आधीच दणकट इन्व्हर्टरमधून येत असेल तर मात्र 10 वाला घ्यावा.

ट्रान्समिशन गेटची खरी बचत झाडासारख्या रचनेत दिसते. आठ-इनपुट मल्टिप्लेक्सरला सात मल्टिप्लेक्सर लागतात: नँडने 84 आणि S च्या तीन इन्व्हर्टरांचे 6, मिळून 90, ट्रान्समिशन गेटने 28 आणि 6, मिळून 34. आठ इनपुट आणि एक आउटपुट यांचे इन्व्हर्टर धरले तरी 52. इथे सिग्नल ओळीने तीन गेटांतून जातो आणि ते चालते. त्याहून लांब साखळीत उशीर संख्येच्या वर्गाने वाढतो: प्रत्येक गेटचा रोध R आणि कपॅसिटन्स C धरला तर चार गेटांना 10RC, आठांना 36RC. आठच्या मधोमध बफर घातला तर 20RC आणि बफरचा स्वतःचा उशीर. म्हणून तीन-चार गेटांनंतर बफर घालावा.